दोनदा पुसलेला शालिकराम

सीताबर्डीच्या उजाला फोटो स्टुडिओत रुपराव रिटचिंगचं काम करायचा, आणि आपल्यासारखा हात अख्ख्या नागपुरात दुसरा नाही हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणी ते सांगेपर्यंत थांबायचा धीर त्याच्यात नव्हता. देवीचे वण बुजवणं, मिटलेले डोळे उघडून देणं, टक्कल झाकणं ही कामं तो गप्पा मारता मारता करायचा. वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशाच्या फोटोत नेऊन बसवणं हे त्याच्या मते शिकाऊ माणसाचं काम. माणूस जोडायला कोणालाही येतं, असं तो म्हणायचा. काढायचा असेल तर मात्र बोलवा रुपरावला. कारण माणूस निघून जातो तेव्हा त्याच्या मागे काय होतं ते फोटोला माहीत नसतं. ते रुपरावला माहीत असावं लागतं.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी उलटून गेली होती. एका दुपारी प्रेमिला नर्स आपली सायकल दाराशी लावून आत आली आणि टॉवेलात गुंडाळलेला एक फोटो तिनं काउंटरवर ठेवला. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाई बोलायच्या आधीच हसायची.

फोटो याच स्टुडिओतला होता, अकरा वर्षांपूर्वीचा. मागे तोच रंगवलेला पडदा, त्यावर बाग, पायऱ्या आणि तळ्यात दोन हंस. उंच पाठीच्या खुर्चीत नवरा बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा असा की कोणीतरी त्याला दम देऊन बसवलंय. शेजारी उभी ती, विशीतली, डावा हात त्याच्या खांद्यावर. आणि चेहऱ्यावर काय उजेड होता! रुपरावनं रोज पन्नास चेहरे बघितलेले, पण तोही जरा थांबला.

"यायले काढून टाका," प्रेमिलानं नवऱ्यावर बोट ठेवलं. "फारकत झाली आमची. कवाचीच."

"तुमचा एकटीचा नवा काढून देतो की, बाई. भैय्याजी मस्त काढतात."

भैय्याजी म्हणजे स्टुडिओचे मालक. ते गल्ल्यामागे संत्रं सोलत बसले होते. त्यांनी मान हलवली.

"नवा फोटो आजच्या प्रेमिलाचा येईल जी," ती म्हणाली. "हिचा कसा येईल?"

मग तिनं सांगितलं. दवाखान्याचं क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, पण स्वतःच्या. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हक्काची भिंत झाली होती आणि त्या भिंतीवर तिला हा फोटो लावायचा होता. येत्या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी सोबतच्या नर्सा जेवायला येणार होत्या. "लोकं मले टाकलेली म्हणतात. कोनं टाकलं मले? त्यानं म्हटलं नोकरी सोड, म्या त्याले सोडलं. पन त्या दिवशी म्या चांगली दिसून राहिली होती. सासरी जायाची खुशी नव्हती ते. नर्सिंगच्या शाळेत नाव लागल्याचं त्याच दिवशी समजलं होतं. ते हासू माहं आहे. त्याच्यापायी पेटीत काहून ठेवू?"

भिंतीवरच्या प्रेमिलाकडे बघून कोणाला कीव येऊ नये, एवढीच तिची अट होती. जाता जाता एक मात्र सांगून गेली की गळ्यातली काळ्या मण्यांची पोतही काढा, ती त्याच्या घरची आहे.

रुपराव कामाला लागला. काचेची मूळ निगेटिव्ह कधीच फुटून गेली होती, तेव्हा आधी प्रेमिलाच्या फोटोचाच फोटो घ्यावा लागला. तो भिंतीला सपाट टाचून, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून, चकाकी येऊ न देता. त्यावरून मोठे, बिनचमकीचे प्रिंट काढले. काम नेहमी मोठ्या प्रिंटवर करायचं, म्हणजे शेवटी लहान केल्यावर सांधे आपोआप मिटतात. मग माळ्यावरून तो हंसांचा पडदा उतरवला. एका हंसाचं शेपूट उंदरांनी खाल्लं होतं, ते रंगवलं. जुनी खुर्चीही अडगळीत सापडली. पूर्वीइतक्याच अंतरावरून, पूर्वीसारखाच उजवीकडून उजेड पाडून पडद्यासमोर रिकाम्या खुर्चीचा फोटो घेतला. तो त्याच मापाचा छापला, ब्लेडनं कापला, कडा मागून पॉलिशपेपरनं घासून कांद्याच्या सालीइतक्या पातळ केल्या आणि मोठ्या प्रिंटवर नवऱ्याच्या जागी चिकटवला.

प्रेमिलाच्या बोटांभोवती ब्लेड फिरवताना मात्र त्यानं बोलणं बंद केलं. बोटं तिचीच राहिली, खांदा जाऊन खालती खुर्चीची पाठ आली. नवऱ्याच्या गुडघ्यानं तिच्या पातळाचा काठ झाकला होता. तो काठ रुपरावनं दुसऱ्या प्रिंटमधून, खालच्या बाजूचा कापून आणून जोडला. जमिनीवर पडलेली नवऱ्याची सावली पुसली. कच्चा कारागीर माणूस काढतो आणि सावली विसरतो, हे सांगून त्यानं भैय्याजींचं डोकं उठवलं. मग बारीक कुंचल्यानं सांधे मिटवले, पोत काढून गळा स्वच्छ केला, आणि काम अर्धवट ठेवायची सवय नसल्यामुळे कपाळावरचं कुंकूही पुसून टाकलं. नवराच नाही तर कुंकू कशाला, असा त्याचा साधा हिशोब होता.

त्याचा परत फोटो घेतला, छापला, आणि रुपराव स्वतःच्याच कामावर भाळला. भिंग लावून बघितलं तरी इथे कधी माणूस बसला होता हे कळत नव्हतं. असली चीज दोन दिवस तरी लोकांनी बघायला हवी म्हणून त्यानं एक प्रत फ्रेम करून शोकेसमध्ये मधोमध ठेवली. प्रेमिलाला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. शोकेसमध्ये ठेवायला कोण विचारतं?

दोन दिवसांनी प्रेमिला आली ती हसत आली नाही. तिनं सायकल लावली, शोकेससमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि मग आत आली.

"काल माही जुनी शेजारीण दवाखान्यात आली," ती म्हणाली. "माह्या कपाळाकडं न पाहताच गळ्यात पडून रडली. म्हने, एवढं झालं अन् कळवलं बी नाही."

"काय झालं?" रुपरावनं विचारलं.

"तेच म्या इचारलं. तं म्हने, तुहा नवरा गेला नं? बर्डीवर फोटो पायला मी."

भैय्याजी गल्ल्यामागून उठले, बाहेर गेले, फोटो बघून परत आले. "रुपराव," ते म्हणाले, "ये तो विधवा हो गई यार."

रुपराव तरातरा शोकेसकडे गेला आणि पहिल्यांदाच त्यानं तो फोटो कारागिराच्या डोळ्यानं न बघता रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यानं बघितला. रिकामी खुर्ची. खुर्चीवर हात ठेवून उभी बाई. गळा मोकळा, कपाळ मोकळं. आता फक्त खुर्चीला हार घालायचा राहिला होता. माणूस त्यानं बेमालूम काढला होता, पण माणूस गेला आहे हे इतकं ठळक करून ठेवलं होतं की वाटसरू टोपी काढून पुढे जावा.

"कुंकू काहून पुसलं?" प्रेमिला मागे येऊन उभी होती. "ते त्याचं नव्हतं. म्या शाळेत जाची तवापासून लावतो. पोत त्याची होती, कुंकू माहं आहे."

 रुपरावच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कुंचला चुकला नव्हता, चूक त्याच्या डोक्यात होती, आणि ते त्याला फार लागलं. त्यानं शोकेसची काच सरकवली, फोटो बाहेर काढला आणि उलटा करून काखेत धरला.

"तुमी त्याले काढलं," प्रेमिला म्हणाली, आता जरा नरमाईनं, "पन सारे त्यालेच पाहून राहिले."

हे बोलणं चालू असतानाच एक माणूस स्टुडिओच्या पायऱ्या चढला. खाकी पँट, मळकट काळा कोट, डोक्याला मफलर. त्यानं आधी शोकेसकडे बघितलं, मग आत बघितलं, आणि दारातच उभा राहिला.

"मी मेलो तो फोटो कोठी हाय?" त्यानं विचारलं.

तो शालिकराम होता. मधे अकरा वर्षं गेली होती, पोट सुटलं होतं, पण दम देऊन बसवल्यासारखा चेहरा तोच होता. प्रेमिलानं तोंडाला पदर लावला. तो दुःखानं लावला नव्हता हे तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून दिसत होतं.

"हासू नोको वं," शालिकराम म्हणाला. "माही जिजाबाई आत्या बर्डीवरच्या फोटोचं आयकून मौद्यावरून रडत आली कन्हानले माह्या घरी. पुऱ्या बसमधल्या लोकायनं तिले पानी पाजलं. दार उघडलं तं मी भाकर खाऊन राहिलो. ते माह्याकडे पाहून अजून जोरात रडली. माही बायको वेगळीच घाबरली. अन् तू मले मारून इथं फोटो लावतं?"

"म्या नाही मारलं. यायनं मारलं." प्रेमिलानं रुपरावकडे बोट दाखवलं.

रुपरावनं काखेतला फोटो पुढे केला. शालिकरामनं तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघितला. खुर्चीवर बोट फिरवलं, जणू आपण कुठे तरी लागू हाताला. मग हळूच म्हणाला, "मी इथं खरंच बसलो होतो नं?"

"खरंच बसले होते," रुपराव म्हणाला. कौतुक ऐकल्यावर त्याला जरा बरं वाटलं, मग कौतुक मेलेल्या माणसानं केलं असलं तरी.

शालिकराम भांडायला आला होता, पण भांडण करायचं तर राग टिकवावा लागतो आणि ते त्याला कधीच जमलं नव्हतं. भैय्याजींनी चहा मागवला. चहा पिता पिता त्यानं प्रेमिलाला सांगितलं की दोन पोरं झाली, खाणीत ट्रकांवर नजर ठेवायचं काम आहे. तिनं सांगितलं की आता वॉर्ड तिच्या हाताखाली आहे. "नोकरी सोड म्हनलं ते चूकच होतं माही," तो बशीत बघत म्हणाला. प्रेमिलानं आपल्या बशीतलं बिस्कीट त्याच्या बशीत ठेवलं.

"मंग आता खुर्चीचं काय करायचं?" भैय्याजींनी विचारलं.

हाच प्रश्न रुपरावला कुरतडत होता. खुर्ची काढली तर प्रेमिलाचा हात हवेत. हात खाली घ्यावा तर तो हात तिचा राहत नाही. फुलदाणीचा स्टँड ठेवावा तर तो कमरेएवढाच, हाताला पोचत नाही. त्या हाताखाली बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकी उंच, पंज्यात मावेल अशी, आणि बाईनं सहज हात ठेवावा अशी वस्तू हवी होती. तो दाराबाहेर बघत विचार करत होता. दाराबाहेर प्रेमिलाची सायकल उभी होती.

रुपराव उठला. सीटवर हात ठेवून बघितला. मग टेप आणली, सीट मोजली, खुर्चीची पाठ मोजली, आणि सायकल उचलून पायऱ्या चढून आत घेऊन आला.

प्रेमिलाच्या तोंडावर ते अकरा वर्षांपूर्वीचं हसू जसंच्या तसं आलं. "तवा मले चालवता बी येत नव्हती," ती म्हणाली.

"फोटोले काय माहीत?" रुपराव म्हणाला.

पुढचा तास त्यानं सगळ्यांना नाचवलं. सायकल कापून चिकटवायची सोय नव्हती, कारण चाकांच्या तारांमधून मागचं दिसलं पाहिजे आणि एकेक तार ब्लेडनं कापणारा माणूस अजून जन्मायचा होता. म्हणून सायकल हंसांच्या पडद्यासमोरच उभी करून, तारांमधल्या पडद्यासकट पूर्ण तुकडा उचलायचा. मागचं चाक अर्धं प्रेमिलाच्या पातळामागे जाईल आणि सांधा पडद्यावरच्या पायरीच्या रेषेत लपेल. पण स्टँडवर लावली की मागचं चाक उचललं जायचं आणि सीट वर सरकायची, हात बसत नव्हता. दोन्ही चाकं जमिनीवर हवीत. म्हणजे कोणीतरी धरून बसायला हवं.

"मी धरते," प्रेमिला म्हणाली.

"तुमचं पातळ पांढरं, सारा उजेड चाकावर फेकते. काळ्या कपड्याचा माणूस पायजे."

सगळ्यांनी शालिकरामच्या कोटाकडे बघितलं.

"मीच?" तो म्हणाला.

"मागच्या चाकामागं बसा," रुपरावनं खडूनं जमिनीवर फुली मारली. "जुन्या फोटोत बाई उभी आहे, बरोब्बर त्या जाग्यावर. म्हणजे बाईचा फोटो तुमच्यावर येईल अन् तुमी दिसणार नाही."

शालिकराम मुकाट्यानं उकिडवा बसला आणि कॅरिअर घट्ट धरलं. पूर्वी त्याच्या खांद्यावर तिचा हात होता, आता तिच्या पायांच्या जागी तो बसला होता. प्रेमिला दिव्यामागे उभी राहून इतकी हसली की भैय्याजींना कॅमेऱ्यातून डोकं काढून तिला बाहेर जायला सांगावं लागलं. तिचं हसू ऐकून शालिकरामही हसायला लागला, आणि सायकल थरथरायला लागली. कॅमेऱ्याच्या दोन प्लेटी वाया गेल्यावर तिसरी नीट आली, असं त्या वेळी तरी वाटलं.

शालिकराम निघताना दारात घुटमळला. "मले वाटलं नव्हतं तू एवढी हासतं म्हनून," तो म्हणाला.

"मी पयलेपासून हासतो," प्रेमिला म्हणाली. "जाय, आत्याले तोंड दाखव. बिचारी वाट पाहून राहिली असन."

दुसऱ्या दिवशी सायकलचा प्रिंट धुऊन, वाळवून मोठ्या फोटोवर चिकटवल्यावर रुपरावनं भिंग लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पातळाच्या कडेबाहेर, तारांच्या मधून, शालिकरामचा गुडघा दिसत होता आणि रिमवर त्याची दोन बोटं. हसता हसता माणूस फुलीवरून सरकला होता. सायकल आता दवाखान्यात होती, शालिकराम कन्हानला, आणि जेवणाचा रविवार दाराशी आला होता.

मग रुपरावनं सर्वांत बारीक कुंचला घेतला, जिभेवर टोक केलं, आणि तारांच्या प्रत्येक फटीत तो गुडघा थोडा थोडा करून पायऱ्यांच्या करड्या रंगात विरवून टाकला. रिमवरची बोटं काढली आणि तिथे रिमची चमक ओढून घेतली. चाकाखाली जमिनीवर सायकलची सावली घातली, उजेडाच्या उलट बाजूला, पडद्याकडे पातळ होत जाणारी. असा शालिकराम एकाच फोटोतून दोनदा पुसला गेला. शेवटी प्रेमिलाच्या कपाळावर कुंकू परत लावताना रुपरावचा हात जरासा थांबला. स्वतःच्या घरच्या कोणाला लावावं तितक्या जपून त्यानं ते लावलं.

प्रेमिला फोटो न्यायला आली तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. हसू, कुंकू, सीटवर टेकलेला हात. आता निघणार आहे आणि निघायच्या आधी क्षणभर थांबली आहे, असं वाटत होतं. तिचे डोळे भरले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"एकच सांगते जी," ती म्हणाली. "शोकेसमधी नोको. अन् कोनाले सांगाचं बी नाही, हे तुमी कसं केलं ते."

रुपरावचा चेहरा पडला. आयुष्यातलं सर्वांत मोठं काम आणि तोंडाला कुलूप. पण तो त्या फोटोतल्या विधवेचा देणेकरी होता, म्हणून हो म्हणाला. "रविवारी जेवाले या," ती म्हणाली. "भैय्याजीलेबी आना."

रविवारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. व्हरांड्यात सायकल, भिंतीवर फोटो. आठ-दहा नर्सा जेवायला बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या नजरा वरचेवर भिंतीकडे जात होत्या. रुपराव वरणभात कालवत कान टवकारून बसला. घास तोंडाशी येऊन थांबत होता.

"हे तुहं कवाचं वं?" एकीनं विचारलं. "किती खुश दिसून राहिली."

"नर्सिंगले नाव लागलं त्या दिवशीचं," प्रेमिला म्हणाली, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"अन् सायकल तेच हाय का, बाहीरची?"

"तेच."

"मंग लय जपली बाई. अजून नवीच्या नवी दिसते."

प्रेमिलानं रुपरावकडे बघितलं. भैय्याजींना ठसका लागला. रुपरावच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, हंस आणि उंदीर आणि तारांतला गुडघा. तो वाट बघत होता की आता कोणीतरी विचारेल, शेजारी कोण होतं, एकटीच काहून उभी आहे, हात असा का ठेवलाय. कोणीच विचारलं नाही. वाढणारीनं भाजीचं भांडं पुढे आणलं, गप्पा बदल्यांवर गेल्या, आणि भिंतीवरची विशीतली मुलगी कुणाचीही कीव न घेता हसत राहिली. रुपरावच्या पोटात आनंद मावेना.

शेजारी बसलेल्या थोराड नर्सबाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. "तुमी काय करता, भाऊ?"

रुपरावनं घास गिळला.

"काही नाही जी," तो म्हणाला. "फोटोच्या दुकानात असतो. भाजी थोडी इकडं द्या."